टीव्हीचा डेमो द्यायला येणाऱ्या पुण्यातल्या मंडळींना: ‘सिलेक्ट ऑल’ दाबण्याआधी

नमस्कार.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकी एक जण सहकारनगरला माझ्या मावशीकडे आला होता. ४३ इंची नवा टीव्ही भिंतीवर लावायचा होता. त्याने लेव्हल लावून खुणा केल्या, भोकं पाडण्याआधी खाली आपणहून वर्तमानपत्र अंथरलं, आणि जाताना चुरा गोळा करून कागदासकट बाहेर नेला. हे मुद्दाम आधी लिहिते, कारण पुढे तक्रार आहे आणि ती त्या मुलाच्या कामाबद्दल नाही. ब्रॅकेट आजही सरळ आहे.

तक्रार त्यानंतरच्या चार सेकंदांबद्दल आहे. टीव्ही सुरू झाला, भाषा विचारली, वायफायचा पासवर्ड मागितला. मग एक पाटी आली. डावीकडे सात-आठ ओळी, प्रत्येकीपुढे रिकामा चौकोन, आणि सगळ्यांच्या वर एक मोठं बटण: Select All. त्याच्या अंगठ्याने ते दाबलं, खाली Agree दाबलं, पाटी गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. म्हटलं, “अहो, काय होतं ते?”

“काही नाही ताई, टर्म्स अँड कंडिशन्स. ते केल्याशिवाय टीव्ही पुढे जात नाही.”

मग त्याने मावशीला आवाज कमी-जास्त कसा करायचा ते दाखवलं, हॅपी कोड मागितला आणि निघाला. पुढचा कॉल धनकवडीला होता.

टीव्ही कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण हीच पाटी थोड्याफार फरकाने सगळीकडे आहे. आणि तो मुलगा म्हणाला ते निम्मं खरं होतं. म्हणूनच हे पत्र कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. कंपनीने बनवलेली पाटी माझ्या पत्राने बदलायची नाही. तुमचा अंगठा थांबू शकतो.

त्या सात-आठ ओळींत दोन जातीच्या अटी एकत्र मांडलेल्या असतात. पहिली जात वापराच्या अटींची. त्या मान्य केल्या नाहीत तर ॲप्स, ॲप स्टोअर, इंटरनेटवरचे अपडेट असा टीव्हीचा ‘स्मार्ट’ भाग चालत नाही. त्या स्वीकारण्यावाचून गत्यंतर नाही, हे मान्य. दुसरी जात ऐच्छिक अटींची: पाहण्याची माहिती गोळा करणं, आवडीनुसार जाहिराती दाखवणं, आवाज ओळखणं. या नाकारल्या तरी टीव्ही पुढे जातो. पण दोन्ही जातींचा टाइप एक, चौकोन एक, आणि वर एकच मोठं बटण. थाळी मागवली की लोणच्याचे पैसे वेगळे लावतात तसं नाही हे. इथे लोणचं ताटात वाढूनच पाटी समोर येते, आणि नको म्हणायला जागा कुठे आहे ते शोधावं लागतं.

यातली पाहण्याची माहिती ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यामागे नेमकं काय चालतं ते सांगते. तंत्राचं नाव ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन, छोटं नाव एसीआर. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे बारीक बारीक नमुने घेतो आणि त्यांचा ठसा बनवतो. ठसा म्हणजे आकड्यांची एक लहानशी रांग. ही रांग इंटरनेटवरून एका सर्व्हरकडे जाते. तिथे मालिका, बातम्या, सामने, जाहिराती यांच्या ठशांची मोठी नोंदवही असते. जुळलं की कळतं: या घरात या वेळी हा कार्यक्रम चालू होता, मध्ये ही जाहिरात लागली आणि तेव्हा चॅनेल बदललं.

तलाठ्याकडच्या अंगठ्यासारखंच आहे. अंगठ्याच्या ठशावरून माणसाचा चेहरा काढता येत नाही, पण नोंदवहीत तो ठसा असला तर माणूस ओळखता येतो. म्हणून घाबरवायचं म्हणून सांगत नाही: तुमच्या पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला तर तो कोणी दुसरीकडे बसून बघत नाही. त्याचा ठसा नोंदवहीत नाही, म्हणून तो जुळतच नाही. जुळतं ते प्रसारित झालेलं.

आता ज्या मुद्द्यावर तुमच्यातले बरेच जण माझ्याशी वाद घालतील तो. “ताई, काकू तर नेटफ्लिक्स बघत नाहीत. केबलवाल्याचा बॉक्स आहे. टीव्हीला काय कळणार?” मलाही आधी असंच वाटायचं. पण एसीआर पडद्यावर काय आहे ते बघतं. चित्र कुठून आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयच्या वायरने जोडला, तरी चित्र शेवटी टीव्हीच्याच पडद्यावर उमटतं.

उलट, केबलच्याच प्रेक्षकावर नजर जास्त असते. २०२४ साली लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही घेऊन त्यांच्यातून बाहेर काय जातं ते तपासलं. अँटेनावरचे चॅनेल आणि एचडीएमआयला जोडलेलं साधन या दोन्ही वेळा एसीआर चालू सापडलं. टीव्ही नुसता लॅपटॉपचा मोठा पडदा म्हणून वापरला तेव्हासुद्धा. टीव्हीवरच्याच नेटफ्लिक्स, यूट्यूबसारख्या ॲपवर बघताना मात्र तसं दिसलं नाही. तिथे काय बघितलं ते त्या ॲपवाल्याला माहीत असतंच, तो भाग वेगळा. म्हणजे संध्याकाळी सात ते दहा मराठी मालिका बघणारी माझी मावशी, जिला आपण ‘साधं’ गिऱ्हाईक समजतो, तिचीच नोंद सगळ्यात नीट होते.

मी एका कंपनीत नेटवर्क सांभाळते. नुसतं वाचून माझं समाधान होत नाही, म्हणून पुढच्या रविवारी एक छोटं यंत्र घेऊन मावशीकडे गेले. रास्पबेरी पाय म्हणतात, पत्त्यांच्या कॅटाएवढं असतं; त्यावर Pi-hole नावाचा फुकट प्रोग्रॅम घातलेला. टीव्हीला कुठल्याही सर्व्हरशी बोलायचं असेल, तर आधी त्या नावाचा पत्ता विचारावा लागतो. तो प्रश्न माझ्या यंत्राकडे येईल अशी सोय टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये केली. आता टीव्ही कोणाकोणाची चौकशी करतो ते मला मोबाइलवर ओळीने दिसत होतं.

आधी दहा मिनिटं टीव्ही नुसता होम स्क्रीनवर ठेवला. अपडेट, घड्याळ, ॲपची चित्रं अशी अपेक्षित नावं आली. मग मावशीने रिमोट घेतला, केबलचा बॉक्स लावला आणि बातम्या सुरू केल्या. थोड्याच वेळात यादीत एक नवं नाव उगवलं. त्यात acr ही तीन अक्षरं स्पष्ट होती. बातम्या चालू असेपर्यंत ते अधूनमधून येत राहिलं. मावशी बाजूला बसून बघत होती. म्हणाली, “म्हणजे मी काय लावलंय ते हा सांगतोय? कोणाला?”

प्रश्न बरोबर होता आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्या यंत्रात नव्हतं. कोणाकडे विचारणा झाली ते त्यात दिसतं, काय पाठवलं ते दिसत नाही. तो मजकूर कुलूपबंद असतो. शिवाय एकदा मिळालेला पत्ता टीव्ही काही वेळ लक्षात ठेवतो, त्यामुळे प्रत्येक खेप यादीत उमटत नाही. जातं किती वेळा ते या यादीवरून मोजू नये. जातं की नाही, एवढंच बघावं.

मग सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याच्या माहितीची संमती काढून घेतली. टीव्ही रिमोटने नाही, प्लगपासून बंद केला, मिनिटभराने लावला आणि त्याच बातम्या पुन्हा. अर्धा तास बसलो, चहा झाला. ते नाव परत आलं नाही. बाकीची नावं येत होती, म्हणजे टीव्ही इंटरनेटवर होताच. फक्त हे एक दार लागलं होतं.

ही उठाठेव करायला एक जुनं कारण आहे. २०१३ साली ब्रिटनमधल्या एका ब्लॉगरने त्याच्या एलजी टीव्हीवर अशीच तपासणी केली, तेव्हा सेटिंग बंद करूनही चॅनेलची नावं आणि पेनड्राइव्हमधल्या फाइल्सची नावंसुद्धा बाहेर जाताना सापडली. नंतर कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करावं लागलं. म्हणून ‘बंद केलं’ आणि ‘बंद झालं’ यात मी फरक करते. मघाच्या २०२४ च्या अभ्यासात मात्र संमती काढल्यावर एसीआरची ये-जा थांबलेली दिसली, आणि मावशीकडेही तेच दिसलं. बटणाला अर्थ आहे. म्हणून ते कोण दाबतं आणि कुठल्या बाजूला, याला अर्थ आहे.

या माहितीचं पुढे काय होतं, हे अमेरिकेतल्या एका खटल्यात कागदावर आलं आहे. व्हिझिओ नावाच्या टीव्ही कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगाने आणि न्यू जर्सी राज्याने कारवाई केली. २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. आरोप असा, की २०१४ पासून १ कोटी १० लाख टीव्हींवर सेकंदासेकंदाची नोंद होत होती, आणि घराच्या इंटरनेट पत्त्याशी जोडून तिला वय, उत्पन्न, लग्न झालंय का, घर स्वतःचं आहे का अशी माहिती चिकटवली जात होती. त्या सेटिंगचं नाव काय होतं माहीत आहे? Smart Interactivity. आपल्या सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘सुधारणा शुल्क’ लिहून काय वसूल करतात ते जसं कोणाला कळत नाही, त्यातला प्रकार.

नावांचा हा गोंधळ तुमच्या कामाचा आहे, म्हणून इथे थोडं थांबते. सॅमसंगच्या अलीकडच्या मॉडेलांवर ही जागा साधारण अशी सापडते:

```
Settings > All Settings > General & Privacy
  > Terms & Privacy > Viewing Information Services
```

जुन्या मॉडेलांवर हीच गोष्ट Support खाली असते. एलजीवर Support मध्ये Privacy & Terms, त्यात User Agreements, आणि तिथे Viewing Information ची ओळ; शिवाय General च्या आत कुठेतरी Live Plus नावाचं वेगळं बटण असतं, तेही बंद करायचं. काही टीव्हींवर हे काम Samba Interactive TV या नावाने चालतं. मॉडेल बदललं की रस्ता थोडा बदलतो, पण नावात Viewing, Live Plus, Samba यातलं काही दिसलं की तिथे थांबायचं.

आणि एक चूक टाळा. तुमच्यातल्या एका जाणत्या माणसाने मला फोनवर खात्रीने सांगितलं, “मी नेहमी जाहिरातीचं बंद करून देतो.” म्हणजे Interest-Based Advertising. ते बंद करावंच, पण ते वेगळं बटण आहे. ते बंद केल्याने माहिती वापरून जाहिराती निवडणं थांबतं. माहिती गोळा होणं थांबवायला पाहण्याच्या माहितीची ओळच बंद करावी लागते. नळाखालची बादली उचलली म्हणून नळ बंद होत नाही.

बंद केल्यावर काय जातं, हा प्रश्न मावशीने विचारलाच. “आता मालिका दिसेल ना?” दिसते. चॅनेल तेच, चित्र तेच, यूट्यूबवरचं कीर्तन तेच. होम स्क्रीनवर सुचवलेल्या गोष्टी थोड्या सरसकट होतात आणि जाहिराती येतच राहतात, फक्त त्या तिच्या पाहण्यावरून निवडलेल्या नसतात. टीव्ही घेतल्यापासून तिने होम स्क्रीनवरची एकही सूचना उघडलेली नाही, त्यामुळे तिचं नुकसान शून्य.

ज्यांना फक्त केबल बघायची आहे त्यांच्याकडे तर वायफायचा पासवर्ड मागूच नका. सेटअपमध्ये नेटवर्क जोडण्याची पायरी पुष्कळ टीव्हींवर सोडून देता येते. नेट नसलेल्या टीव्हीतून ठसा बाहेर जाऊ शकत नाही. पुढे अपडेट हवाच असेल, तर बऱ्याच कंपन्यांचा तो पेनड्राइव्हवरून घालता येतो.

मावशीकडचं प्रकरण तिथे संपायला हवं होतं, पण डिसेंबरात तिचा फोन आला. “अगं, सकाळी टीव्हीने परत काहीतरी विचारलं. मी ओके केलं.” अपडेट झाला होता, आणि बदललेल्या अटींची तीच पाटी, तेच मोठं बटण घेऊन पुन्हा आली होती. जाऊन बघितलं तर पाहण्याच्या माहितीपुढे बरोबरची खूण परत बसलेली. टीव्ही फॅक्टरी रीसेट केला तरी असंच होतं. दुरुस्तीला आलात, रीसेट मारलात, तर अटींची पाटी पुन्हा येते आणि बहुतेक वेळा अंगठा पुन्हा तुमचाच असतो.

कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची व्याख्या आहे: ती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, समजून-उमजून आणि स्वतःच्या स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच परत घेणं सोपं हवं. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. त्या अनुसूचीत मराठी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि संमतीची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तो दिवस येईल तेव्हा येईल. मावशीच्या वतीने तुमच्या अंगठ्याने दिलेली संमती त्या व्याख्येत बसते का, हे समजायला मात्र वकील लागत नाही.

तुमची बाजू मला दिसते. दिवसाला सात-आठ कॉल, सिंहगड रस्त्यावरचं ट्रॅफिक, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसताना उचललेलं खोकं, आणि वर पाच स्टार नाही मिळाले तर ऑफिसचा फोन. पाटी वाचून दाखवायला तुम्हाला कोणी वेळ देत नाही, आणि बहुतेक गिऱ्हाइकं “करा हो पटापट” म्हणतात. मी तुमच्याकडे प्रवचन मागत नाही.

मागणं एवढंच, की ती पाटी आली की Select All सोडा. पहिल्या, आवश्यक ओळींवर खूण करा. बाकी चौकोन रिकामे ठेवा आणि पुढे जा. पुढे जाऊ दिलं नाही तरच मागे या. आणि घरात कोणी विचारणारं असेल, तर त्या एका पाटीपुरता रिमोट त्यांच्या हातात द्या. रिकामे चौकोन ठेवायला खूण करण्यापेक्षा फारसा जास्त वेळ लागत नाही, मी घड्याळ लावून बघितलंय: वीस सेकंदांचा फरक, आणि त्यातले दहा चष्मा शोधण्याचे. हवं तर जॉब शीटवर एक ओळ लिहा, ‘पाहण्याची माहिती: बंद’. दुरुस्तीला पुढचा माणूस येईल, त्याला ती उपयोगी पडेल.

मावशीच्या टीव्हीच्या मागे, ब्रॅकेटच्या बाजूला, मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. पाटी परत आली तर कुठे जायचं आणि काय बंद करायचं ते मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलंय. तिने त्याखाली पेनने स्वतःची एक ओळ घातली: “आधी भाचीला फोन करणे. दुपारी १ ते ४ सोडून.”

पुढच्या महिन्यात माझ्याकडेही नवा टीव्ही येतोय, पद्मावतीला. तुमच्यापैकी ज्याच्या वाट्याला तो कॉल येईल, त्याने ड्रिलचं काम उरकलं की रिमोट माझ्याकडे द्यावा. चहा साखरेचा की बिनसाखरेचा ते आधी सांगून ठेवा.

आपली,
सहकारनगरच्या मावशीची भाची